बैठकांनंतरची काळी लघवी: ऱ्हॅब्डोमायोलिसिस ओळखायचा कसा, सलाईन किती आणि कधीपर्यंत

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावची मैदानं पहाटे साडेचारला जागी होतात. पुरुषांना 1600 मीटर धावायचं असतं, महिलांना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. हातात महिना-दीड महिना उरलेला असतो. मग कुणीतरी पहिल्याच आठवड्यात नव्या पोरांकडून तीनशे-चारशे बैठका काढून घेतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचीच अंगं ठणकतात, जिना उतरताना सगळेच कठडा धरतात. पण त्यातल्या एखाद्याची लघवी तिसऱ्या दिवशी कोऱ्या चहासारखी होते. हा लेख त्या एकाबद्दल आहे. शिवाय तसंच नुकसान वेगळ्या वाटेने झालेल्या माणसाबद्दल, म्हणजे कोसळलेल्या इमारतीच्या स्लॅबखाली ज्याचा पाय तासन्‌तास दबून राहिला त्याच्याबद्दलही आहे.

दोघांच्या शरीरात घडतं ते एकच, त्यालाच ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूंच्या पेशी फुटतात आणि आतला ऐवज रक्तात सांडतो. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुढचं सगळं समजतं. पहिली मायोग्लोबिन, हे स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणारं लाल प्रथिन. ते मूत्रपिंडातून गाळलं जाऊन लघवीला रंग देतं आणि तिथल्या बारीक नळ्यांमध्ये साचून त्या बुजवतं. दुसरी क्रिएटिन कायनेज. आपल्याकडच्या लॅबच्या कागदावर ती बहुधा ‘सीपीके’ म्हणून छापलेली असते. ती स्वतः काही इजा करत नाही, किती स्नायू फुटला एवढंच सांगते. तिसरी पोटॅशियम. शरीरातल्या पोटॅशियमचा बहुतांश साठा स्नायूंतच असतो. तो एकदम रक्तात आला तर हृदय थांबू शकतं.

या तिघांचं वेळापत्रक वेगवेगळं आहे, आणि बहुतेक चुका ते विसरल्यामुळे होतात. पोटॅशियम काही मिनिटांत किंवा तासांत वाढू शकतं. मायोग्लोबिन लवकर येतं आणि लवकर जातं. रक्तातून ते दोन-तीन तासांत निम्मं होतं, म्हणून लघवीचा रंग एखाद्या दिवसात निवळूही शकतो. सीपीके इजेनंतर 2 ते 12 तासांत चढायला लागतं, साधारण 1 ते 3 दिवसांनी शिखर गाठतं आणि सावकाश उतरतं. बैठकांसारख्या व्यायामात स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि तिथे हे शिखर आणखी उशिरा येऊ शकतं. त्यामुळे ‘लघवी स्वच्छ झाली, आता काळजी नाही’ हे जितकं चूक, तितकंच ‘सीपीके अजून वाढतंय म्हणजे उपचार फसले’ हेही चूक.

पहिली पायरी: साधी अंगदुखी की आणखी काही?

नव्या व्यायामानंतर अंग दुखणं स्वाभाविक आहे. ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं, मग ओसरतं, आणि जरा हालचाल केली की स्नायू मोकळे होतात. ऱ्हॅब्डोमायोलिसिसचं दुखणं हालचालीने मोकळं होत नाही. मांड्या टणक आणि सुजलेल्या लागतात, गुडघा पूर्ण दुमडत नाही, शौचाला उकिडवं बसता येत नाही. दुखण्यापेक्षाही कमजोरी मोठी खूण आहे. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का, हे करून बघायला सांगा.

दुखणं, कमजोरी आणि काळी लघवी ही तीनही लक्षणं पुस्तकात एकत्र लिहिलेली असतात. प्रत्यक्षात ती तिन्ही एकाच रुग्णात थोड्याच वेळा सापडतात. काळी लघवी दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा, पण ती दिसली नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. संडास अंधारा असेल, लघवी मातीवर केली असेल, तर रंग दिसणार कुठून? पारदर्शक बाटलीत किंवा काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात बघणं हाच सरळ मार्ग.

रंग बदलण्याची इतर कारणंही असतात. पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते, पण दोन-तीन ग्लास पाणी पोटात गेल्यावर पुढच्या वेळी ती फिकी होते. बीट खाल्ल्यावर गुलाबी, क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने नारिंगी, बी-कॉम्प्लेक्सने झळझळीत पिवळी होते. तपकिरी किंवा काळपट लाल रंग आणि जोडीला दुखरे, सुजलेले स्नायू असतील तर मात्र अंदाज बांधत बसू नये.

इथे घरी दोन गोष्टी हमखास होतात. एक, अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी. ही औषधं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि नेमक्या त्याच वेळी मूत्रपिंड अडचणीत असतं. दुखणं असह्य असेल तर साधी पॅरासिटामॉल घ्यावी. दुसरं म्हणजे मालिश. सुजलेला, फुटत असलेला स्नायू रगडल्याने नुकसान वाढतं. तालमीतल्या मंडळींना हे पटवणं कठीण जातं, पण त्या दोन-चार दिवसांत तेल बाजूला ठेवलेलंच बरं.

तिसरी गोष्ट जरा वेगळी आहे. लघवी लालसर-तपकिरी दिसली की घरातलं मोठं माणूस ‘कावीळ उतरली’ म्हणतं आणि झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेतं. रक्त तपासलं तर गोंधळ आणखी वाढतो, कारण एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही वाढलेले येतात. लोक ही यकृताची चाचणी समजतात, पण हे दोन्ही पदार्थ स्नायूंतही असतात. एसजीओटी तर भरपूर असतो. काविळीत डोळे पिवळे होतात आणि बिलिरुबिन वाढतं. इथे बिलिरुबिन सहसा नॉर्मल असतं, आणि एसजीओटी हा एसजीपीटीच्या कितीतरी पुढे असतो. असा कागद हातात आला की सीपीके मागायलाच हवं.

दुसरी पायरी: कुठे जायचं, काय तपासायचं

लघवी काळी असेल किंवा अंग लाकडासारखं झालं असेल, तर जिथे भरती करता येतं, ईसीजी निघतो आणि पोटॅशियमचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, अशा ठिकाणी जावं. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, नाहीतर मेडिकल कॉलेज. जवळपास डायलिसिसची सोय असली तर उत्तम. बाटलीत सकाळची लघवी घेऊन जा, कारण तिथे पोचेपर्यंत रंग बदललेला असू शकतो.

लघवीच्या साध्या तपासणीतच पहिला पुरावा असतो. लघवीत बुडवायची पट्टी ‘ब्लड’च्या चौकोनात ठळक बदलते, तीन अधिक चिन्हं येतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी जवळजवळ दिसतच नाहीत. पट्टीला रक्तातलं हिमोग्लोबिन आणि स्नायूतलं मायोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. रक्त आहे असं पट्टी म्हणते, पेशी मात्र नाहीत, या विसंगतीतच निदान दडलेलं आहे. म्हणून लघवीची फक्त पट्टी न करता मायक्रोस्कोपीही सांगा. उलट बाजूही ध्यानात ठेवा. रुग्ण दोन दिवसांनी आला असेल तर पट्टी कोरी येऊ शकते, कारण मायोग्लोबिन निघून गेलेलं असतं. तेव्हा भरवसा सीपीकेवर.

चिठ्ठीवर ‘सीपीके टोटल’ असं लिहा. नुसतं ‘सीपीके’ लिहिलं तर काही ठिकाणी हृदयविकारासाठीचं ‘सीपीके-एमबी’ करून देतात. स्नायू खूप फुटला की एमबीचा आकडाही वाढतो आणि बावीस वर्षांच्या धडधाकट पोराला हृदयाचा झटका आल्याची आवई उठते. शंका असेल तर हृदयाच्या स्नायूची इजा सांगणारं ट्रोपोनिन आणि ईसीजी बघावा.

सीपीके सर्वसाधारणपणे 200 युनिट प्रति लिटरच्या आत असतं. त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे 1,000 च्या वर गेलं आणि लक्षणं जुळली, तर ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पण निव्वळ आकड्याला घाबरू नये. मॅरेथॉन पळून आलेल्या ठणठणीत माणसाचं सीपीके काही हजारांत सापडतं आणि तो आरामात घरी जातो. मूत्रपिंडाचा धोका साधारण 5,000 च्या पुढे धरायला लागतात. निरोगी तरुणात, पाण्याची कमतरता किंवा ताप नसेल, तर त्याहून बराच मोठा आकडाही निभावतो. माझ्या मते पहिल्या दिवशीच्या कागदावर सीपीकेआधी मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघावं. क्रिएटिनिन आधीच चढलेलं असेल तर सीपीके 8,000 असो की 80,000, रुग्ण धोक्यात आहे.

सोबत कॅल्शियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट आणि ईसीजी. कॅल्शियम सुरुवातीला कमी येतं, कारण ते फुटलेल्या स्नायूत जाऊन बसतं. ते कमी दिसलं म्हणून इंजेक्शन देऊन भरून काढू नये. हेच कॅल्शियम बरं होताना रक्तात परततं आणि मग पातळी जास्त होते. हातापायाला पेटके येत असतील, झटके येत असतील किंवा पोटॅशियममुळे ईसीजी बिघडला असेल, तरच कॅल्शियम द्यायचं.

तिसरी पायरी: सलाईन

उपचार म्हणजे मुख्यतः पाणी, आणि तेही लवकर. सुजलेला स्नायू रक्तातलं कित्येक लिटर पाणी ओढून घेतो. त्यामुळे शरीर आतून कोरडं पडतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि नळ्यांत मायोग्लोबिन घट्ट होऊन साचतं. भरपूर लघवी वाहती ठेवली तर ते साचायला फुरसत मिळत नाही. म्हणून लक्ष्य सलाईनच्या बाटल्यांचं नसतं, लघवीचं असतं: मोठ्या माणसात तासाला 200 ते 300 मिलिलिटर.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. वय 22, वजन 65 किलो, आधीचा कुठलाही आजार नाही. शनिवारी सकाळी 400 बैठका. रविवारी ठणक, सोमवारी गुडघे वाकेनात, रात्री काळपट लघवी. मंगळवारी सकाळी रुग्णालयात. सीपीके 48,000, क्रिएटिनिन 1.6, पोटॅशियम 5.4, कॅल्शियम 7.8, एसजीओटी 900, एसजीपीटी 220, बिलिरुबिन नॉर्मल. लघवीत ब्लड तीन अधिक, लाल पेशी एक-दोन. ईसीजी ठीक.

पहिल्या तासात 0.9 टक्के नॉर्मल सलाईन एक लिटर. पुढचे दोन तास तासाला 500 मिलिलिटर. तोवर लघवी तासाला 60 वरून 180 मिलिलिटरवर आली, रंग अजून तपकिरीच. मग सलाईनचा वेग तासाला 250 वर आणला, लघवी 200 च्या आसपास राहिली. म्हणजे पहिल्या 24 तासांत 1,000 अधिक 1,000 अधिक 21 तासांचे 5,250, मिळून सव्वासात लिटर. ऐकायला हे प्रचंड वाटतं, नातेवाईक ‘एवढं पाणी?’ म्हणून विचारतातही. पण यातलं बरंचसं लघवीतून बाहेर जातं आणि उरलेल्यातलं बरंच मांड्यांच्या सुजेत.

असा माणूस शुद्धीत असेल आणि बाटलीत लघवी करत असेल तर प्रत्येक वेळी मोजून वहीत लिहिलं तरी चालतं. लघवी कमी असेल, सांगता येत नसेल, किंवा तासातासाचा हिशेब हवा असेल तर नळी घालावी. न मोजता ‘लघवी होतेय’ एवढ्यावर भागवणं हा वॉर्डातला नेहमीचा घोळ आहे. रात्रीच्या पाळीत बाटली संपते, नवी लावायला उशीर होतो, सकाळी लघवीचा आकडा कोणाकडेच नसतो. नातेवाइकांनी स्वतःची वही ठेवली तर इथे खरोखर उपयोग होतो.

नॉर्मल सलाईन की रिंगर लॅक्टेट म्हणजे आरएल, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. सलाईन कित्येक लिटर दिलं की त्यातल्या क्लोराईडमुळे रक्त आम्लधर्मी होतं. आरएलमध्ये तो त्रास कमी, पण त्यात लिटरला 4 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. व्यायामानंतरच्या, पोटॅशियम आवाक्यात असलेल्या रुग्णाला आरएल चालतं. ढिगाऱ्यातून काढलेल्याला सुरुवातीला नॉर्मल सलाईनच द्यावं. सोडाबायकार्ब आणि लघवी वाढवणारं मॅनिटॉल पूर्वी सर्रास देत. नुसत्या भरपूर सलाईनपेक्षा त्यांचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही, आणि बायकार्बने कॅल्शियम आणखी खाली जाऊ शकतं. रक्त फारच आम्लधर्मी असेल तर डॉक्टर ते वेगळ्या कारणासाठी देतील. लघवी होत नसलेल्या रुग्णाला मॅनिटॉल देऊ नये.

आता उलटा धोका. लघवी वाढत नाही आणि सलाईन चालूच, असं सहा-आठ तास झालं तर मूत्रपिंड आधीच बसलेलं असू शकतं. अशा वेळी पाणी फुप्फुसात साचतं. श्वास वाढणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, ऑक्सिजनचा आकडा घसरणं, फुप्फुसाच्या तळाशी चुरचुर ऐकू येणं, या खुणा दिसताच दर कमी करायचा आणि मूत्रपिंडतज्ज्ञांना बोलवायचं. वयस्कर माणूस, हृदय कमजोर असलेला किंवा आधीच मूत्रपिंडाचा आजार असलेला, यांना वरचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

आपल्या उदाहरणातल्या तरुणाचं सीपीके बुधवारी 52,000 झालं. घरचे घाबरले. पण क्रिएटिनिन 1.2 वर उतरलं होतं, पोटॅशियम 4.6, लघवी फिकी होत होती. सीपीकेचं शिखर उशिरा येतं ते हेच. मग गुरुवारी 31,000, शुक्रवारी 18,500, शनिवारी 11,000, रविवारी 6,600, सोमवारी 4,000. शिखरानंतर आकडा रोज साधारण चाळीस टक्क्यांनी उतरायला हवा. शुक्रवारी लघवी स्वच्छ आणि क्रिएटिनिन 0.9 झाल्यावर सलाईन निम्मं केलं, सोमवारी बंद. 5,000 खाली आल्यावर शिरेतून पाणी थांबवतात, मात्र ही काही दगडावरची रेघ नाही. लघवी चांगली, क्रिएटिनिन नॉर्मल आणि आकडा ठरल्या चालीने उतरत असेल तर कुणी आधीही घरी पाठवेल.

आकडा असा उतरलाच नाही, किंवा उतरून पुन्हा चढला, तर स्नायू अजून कुठेतरी मरतो आहे असं समजायचं. त्याचं नेहमीचं कारण म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोम. पोटरी, मांडी किंवा हाताचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणात बंद असतात. आत सूज वाढली की दाब वाढतो आणि रक्त पोचत नाही. दुखणं दिसण्याच्या मानाने अफाट असतं आणि पायाचा अंगठा दुसऱ्याने हलकेच वर-खाली केला तरी रुग्ण ओरडतो. बोटांत मुंग्या येऊन बधिरपणा येतो. पायाची नाडी लागते म्हणून शांत बसू नये, नाडी शेवटपर्यंत टिकते. हे शस्त्रक्रियेचं प्रकरण आहे आणि निर्णय काही तासांत व्हावा लागतो.

पोटॅशियम 6.5 च्या वर असेल किंवा ईसीजीत टी लहरी उंच, टोकदार झाल्या असतील, तर सलाईनवर विसंबून चालत नाही. हृदय सांभाळायला 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिलिलिटर शिरेतून सावकाश, ईसीजी बघत. पोटॅशियम पेशींत ढकलायला 10 युनिट साधं इन्सुलिन आणि 25 ग्रॅम ग्लुकोज, जोडीला साल्ब्युटामॉलची वाफ. यानंतर काही तास साखर वरचेवर तपासावी लागते, ती घसरू शकते. हे सगळं तात्पुरतं आहे. पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही, फक्त जागा बदलतं. लघवी होत नसेल तर डायलिसिसच लागतं. यातून बसलेलं मूत्रपिंड बहुतेकांचं काही आठवड्यांत पुन्हा चालू होतं, हे नातेवाइकांना मुद्दाम सांगावं. डायलिसिस म्हटलं की कायमचं, असं समजून लोक रुग्णाला उचलून घरी नेतात.

मैदानावर परत कधी

अमेरिकन लष्करातल्या डॉक्टरांनी यासाठी टप्पे घालून दिले आहेत, ते आपल्याकडेही वापरता येतात. सुरुवातीला किमान 72 तास पूर्ण विश्रांती, भरपूर पाणी, रात्री आठ तास झोप, उन्हात जाणं नाही. मग सीपीके आणि लघवी पुन्हा तपासायची. सीपीके नॉर्मलच्या पाचपटीखाली आणि लघवी स्वच्छ असेल तर एक आठवडा फक्त हलकी हालचाल, स्वतःच्या चालीने चालणं. मांड्या दुखल्या नाहीत, कमजोरी नाही, तर हळूहळू व्यायाम वाढवायचा. दोन आठवड्यांनीही आकडा पाचपटीच्या वर अडकला तर तज्ज्ञांकडे जावं. भरतीची तारीख चुकेल म्हणून हे टप्पे गिळून टाकणाऱ्याला पुन्हा तोच त्रास होऊ शकतो.

दुसऱ्यांदा झालं, किंवा फारच थोड्या व्यायामाने झालं, तर मुळाशी काही आहे का ते शोधावं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, अंगात ताप, दारू, उन्हाची तीव्र काहिली ही साधी कारणं आधी. आपल्याकडे आणखी एक कारण हमखास विचारावं लागतं. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांत सिकल सेलचे वाहक बरेच आहेत. वाहक माणूस एरवी निरोगी असतो. अमेरिकन सैनिकांवरच्या 2016 च्या मोठ्या अभ्यासात वाहकांमध्ये श्रमामुळे होणाऱ्या ऱ्हॅब्डोमायोलिसिसचा धोका सुमारे दीडपट आढळला, मृत्यूचा धोका मात्र वाढलेला नव्हता. म्हणून वाहकाने भरतीचं स्वप्न सोडायचं कारण नाही. त्याला पाणी, सावली आणि फेऱ्यांमध्ये थांबण्याची मुभा द्यावी. तो ‘पाय चालत नाहीत’ म्हणाला तर प्रशिक्षकाने ओरडू नये, लगेच थांबवावं.

ढिगाऱ्याखाली क्रम उलटा

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बहल्ले चालू असताना एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी ढिगाऱ्यातून काढलेल्या लोकांत एक विचित्र गोष्ट पाहिली आणि 1941 मध्ये चार रुग्णांची हकिकत छापली. बाहेर काढल्यावर माणूस बरा वाटायचा, बोलायचा. मग पाय सुजायचा, रक्तदाब पडायचा, लघवी गडद होऊन कमी व्हायची, आणि आठवड्याभरात मूत्रपिंड बंद पडून तो दगावायचा. पाय दबलेला असतो तोवर फुटलेल्या स्नायूतला ऐवज तिथेच कोंडलेला असतो. तुळई उचलली की पोटॅशियम, आम्ल आणि मायोग्लोबिन एकदम रक्तात येतात, आणि उलट रक्तातलं पाणी त्या पायात शिरतं. 17 ऑगस्ट 1999 च्या तुर्कस्तानातल्या मारमारा भूकंपात अशा मूत्रपिंड बिघडलेल्या 639 जखमींची नोंद झाली, त्यातल्या 477 जणांना डायलिसिस लागलं.

म्हणून इथे सलाईन माणूस बाहेर काढण्याआधी सुरू करायचं असतं. एक मोकळा हात सापडला तरी पुरे. प्रौढाला तासाला एक लिटर नॉर्मल सलाईन, लहान मुलाला किलोमागे 15 ते 20 मिलिलिटर. दोन तासांत सुटका झाली नाही तर प्रौढासाठी तासाला 500 मिलिलिटर, मुलासाठी किलोमागे 10. पुढे दर लघवी, वय, थंडी-ऊन आणि रक्तस्राव बघून बदलायचा. पोटॅशियम असलेली बाटली ढिगाऱ्याजवळ नकोच, म्हणून इथे आरएल टाळतात.

महाड किंवा भिवंडीत 2020 मध्ये झालं तसं इमारत कोसळल्यावर पहिले पोचतात ते शेजारीपाजारी. स्लॅब दोन मिनिटांपूर्वी पडला असेल आणि हाताने उचलता येत असेल तर उचलून माणूस काढावा. पण मांडी किंवा पाय तासाभराहून जास्त दबलेला असेल, माणूस श्वास घेत असेल आणि आग, पाणी किंवा आणखी पडझडीचा धोका नसेल, तर पथक येईपर्यंत तुळई खेचू नये. महाराष्ट्रात 108 च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतात. फोनवर ‘पाय दबलाय, इतक्या वाजल्यापासून’ एवढं नेमकं सांगितलं तर ते सलाईनच्या तयारीनेच येतील. दबलेल्या पायाच्या वर दोरीने करकचून बांधण्याचा सल्ला लोक देतात. जीवघेणा रक्तस्राव होत असेल तरच बांधावं. नुसतं पोटॅशियम अडवायला बांधल्याने उरलेला स्नायूही मरतो.

सुटका होताना ईसीजीचा मॉनिटर लावलेला आणि कॅल्शियमची सिरिंज भरलेली असावी. माणूस बोलतोय, हसतोय, हातपाय हलवतोय, तरी त्याला किरकोळ जखमींच्या गाडीत बसवू नये. पहिली लघवी मोजावी आणि तिचा रंग बघावा. पाय अजून सुजलेला दिसत नसेल तरी दर तासाला पुन्हा बघावा, सूज नंतर येते.

रुग्णालयात सोपवताना कागदाच्या तुकड्यावर किंवा जखमीच्या हातावर पेनाने चार गोष्टी लिहाव्यात: कधीपासून दबला होता, किती वाजता सुटला, तोवर किती मिलिलिटर सलाईन गेलं, आणि पहिली लघवी किती वाजता, किती झाली.